वय ३१, एफएसएच ५८

साताऱ्याच्या डिसेंबरात मध्यरात्री गोधडी फेकून खिडकीपाशी जाऊन बसावं लागतं, एवढ्यासाठी कोणी बाई डॉक्टरकडे येत नाही. मेधाही आली नव्हती. ती आली होती लग्नाला चार वर्षं होऊन दिवस राहत नाहीत म्हणून. गोधडीचं बोलली ते निघताना, दारात चप्पल घालता घालता. "मॅडम, अजून एक सांगायचं होतं, पण त्याचा काही संबंध नसेल." दारात सांगितलेली गोष्ट बहुतेक वेळा सगळ्यात कामाची निघते. मी तिला परत आत बसवलं.

मेधा ही कोणी एक बाई नाही. तिघी-चौघींच्या फायली एकत्र करून, नावगाव बदलून मी तिला इथे आणलं आहे. तिची हकिकत मात्र स्त्रीरोगतज्ज्ञाच्या ओळखीची आहे. वय ३१, शाळेत शिक्षिका. अठ्ठाविसाव्या वर्षापर्यंत पाळी कॅलेंडर बघून येणारी. मग ती चाळीस-पंचेचाळीस दिवसांनी येऊ लागली, मग तीन-तीन महिने गायब. शाळा बदलल्याचं टेन्शन, असं घरच्यांनी ठरवलं. नंतर कोणीतरी पीसीओडी म्हटलं, कारण आजकाल पाळी चुकली की हाच शब्द आधी तोंडात येतो. पाळी आणण्याच्या गोळ्या दिल्या. पहिल्या दोन वेळा पाळी आली. तिसऱ्या वेळी पाच दिवसांचा कोर्स संपूनही काही आलं नाही, तेव्हा डोस वाढवला गेला.

तिथेच थांबून विचार करायला हवा होता. त्या गोळीत प्रोजेस्टेरॉन असतं. गर्भाशयात अस्तर तयार झालेलं असेल तरच ते या गोळीनंतर गळून येतं, आणि अस्तर तयार करणारं इस्ट्रोजेन येतं बीजांडकोशातून. अस्तरच नसेल तर गोळी कितीही वाढवा, गळणार काय? याच्या उलट मात्र खरं नाही, हेही सांगून ठेवते. गोळीनं पाळी आली म्हणून बीजांडकोश ठणठणीत आहे असं ठरत नाही.

तिच्या तपासण्यांत पहिली होती गरोदरपणाची. पाळी चुकलेल्या कुठल्याही बाईची आधी तीच करायची. ती निगेटिव्ह आली. मग थायरॉइड, प्रोलॅक्टिन, इस्ट्रोजेन आणि एफएसएच. एफएसएच आला ५८. तिच्या वयाच्या बाईत पाळीच्या दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी तो साधारण दहाच्या आत असतो. इस्ट्रोजेन जवळजवळ नव्हतंच. सोनोग्राफीत दोन्ही बीजांडकोश लहान दिसले आणि उजवीकडे एकच बारीक बीजपुटी, सहा मिलिमीटरची. पीसीओडीत चित्र याच्या अगदी उलटं असतं, पुटकुळ्यांची माळच दिसते.

एफएसएच हे बीजांडकोशाचं हार्मोन नाही. ते मेंदूच्या तळाशी असलेल्या पिट्युटरी ग्रंथीतून येतं आणि बीजांडकोशाला सांगतं, बीज वाढव. बीज वाढू लागलं की बीजांडकोश इस्ट्रोजेन आणि इन्हिबिन सोडतो, म्हणजे ऐकू आल्याची पोच देतो, आणि पिट्युटरी आवाज खाली आणते. पोच आली नाही तर ती ओरडतच राहते. ५८ हा आकडा म्हणजे ते ओरडणं.

चाळिशीच्या आत बीजांडकोशाचं काम असं ढासळणं म्हणजे प्रीमॅच्युअर ओव्हेरियन इन्सफिशियन्सी, थोडक्यात पीओआय. निदानाचा नियम फार किचकट नाही. पाळी निदान चार महिने अनियमित किंवा बंद हवी आणि एफएसएच २५ च्या वर हवा. पूर्वी हा आकडा महिन्याभराच्या अंतराने दोनदा तपासायला सांगत. युरोपियन सोसायटी ऑफ ह्यूमन रिप्रॉडक्शन अँड एम्ब्रिऑलॉजी या संस्थेच्या २०२४ च्या सूचनांनुसार एकदा पुरतो, शंका असेल तरच पुन्हा करायचा. याच सूचना सांगतात की शंभरातल्या साडेतीन बायकांना हे होतं. आधी शंभरात एक असं मानत असत. नुसत्या एएमएचवर मात्र हे निदान करायचं नसतं. एएमएच कमी आणि पाळी नियमित अशा बाईला पीओआय नसतो. तिची गोष्ट वेगळी, तिच्याकडे शेवटी येते.

मेधाच्या नवऱ्यानं मोबाइलवर शोधून विचारलं, "म्हणजे मेनोपॉजच ना?" बहुतेक डॉक्टरही त्याला हो म्हणून मोकळे होतात. पण फरक आहे, आणि सगळं त्या फरकावर उभं आहे. मुलगी आईच्या पोटात पाच महिन्यांची असते तेव्हा तिच्याकडे साठ-सत्तर लाख बीजं असतात. जन्माला येईतो दहा-वीस लाख उरतात, वयात येताना तीन-चार लाख. त्यातली चार-पाचशेच पुढे पाळीच्या चक्रात पिकून बाहेर पडतात, बाकीची आपसूक विरून जातात. पन्नाशीच्या आसपास साधारण हजारभर उरली की पाळी जाते ती कायमची. पीओआयमध्ये साठा कमी असतो, काहींच्या बाबतीत उरलेली बीजं नीट साद देत नाहीत, पण दिवा एकदम विझत नाही. तो मधूनच पेटतो. निम्म्या बायकांत बीजांडकोश अधूनमधून थोडं काम करताना आढळतो. बोस्टनचे डॉक्टर फुलर ऑल्ब्राइट यांनी १९४२ मध्ये या दुखण्याचं वर्णन केलं तेव्हा 'इन्सफिशियन्सी', म्हणजे अपुरेपणा, हाच शब्द वापरला होता. मध्ये काही दशकं सगळे 'फेल्युअर' म्हणत राहिले आणि अलीकडे पुन्हा जुन्या शब्दाकडे आले. यावेळी जुनं खरंच बरं होतं.

मेधाची तपासणी मी पाच आठवड्यांनी पुन्हा केली. एफएसएच ३४. इस्ट्रोजेन थोडं वर. नवरा खुर्चीतून उठायचाच बाकी होता. "उतरला की मॅडम!" मी अजून एकही गोळी दिलेली नव्हती. एक पुटी जागी झाली होती, तिनं थोडी पोच दिली, पिट्युटरीनं आवाज जरा खाली आणला, एवढंच. पुढच्या महिन्यात तो ७० ही होऊ शकतो.

या चढउताराचा धंदा होतो म्हणून जरा थांबून सांगते. इस्ट्रोजेनची गोळी पोटात गेली की पिट्युटरीला पोच मिळाल्यासारखं वाटतं आणि एफएसएच उतरतो. रिपोर्ट सुधारतो, बीजांडकोश जिथे होता तिथेच असतो. 'आमच्या औषधानं एफएसएच ६० वरून २० वर आणला' अशा जाहिरातीला म्हणून भुलू नये. दुसरी गोष्ट म्हणजे, पीओआय झालेल्या शंभरजणींपैकी पाच ते दहाजणींना निदानानंतर पुढे कधीतरी आपोआप दिवस राहतात. दर महिन्याला नव्हे, एकूण. आता समजा एखाद्यानं शंभरजणींना भस्म दिलं, किंवा त्यांचंच रक्त फिरवून काढलेलं पीआरपी बीजांडकोशात टोचलं, किंवा स्टेम सेल म्हणून काही दिलं, तर त्यातल्या पाचजणी पेढे घेऊन येणारच. उरलेल्या पंच्याण्णव परत येत नाहीत आणि भिंतीवर फोटो पाचांचे लागतात. पीआरपी आणि स्टेम सेल अजून प्रयोगाच्या पायरीवर आहेत. उपचार म्हणून पैसे घेऊन ते करावेत इतका पुरावा आज नाही.

मग कारण काय? सासूबाईंचा प्रश्न हा होता, आणि त्यांच्या विचारण्यात सुनेनं लग्नाआधी घेतलेल्या कुठल्यातरी गोळ्यांचा संशय होता. कर्करोगाची केमोथेरपी, ओटीपोटावरचं रेडिएशन, बीजांडकोशावर पुन्हा पुन्हा झालेल्या शस्त्रक्रिया, ही कारणं इतिहासातच सापडतात. मेधाच्या बाबतीत यातलं काही नव्हतं. अशा वेळी रक्ताच्या तीन तपासण्या करतात. एक गुणसूत्रांची, कारण एक्स गुणसूत्र कमी असणं किंवा अर्धवट असणं, म्हणजे टर्नर सिंड्रोम आणि त्याचे सौम्य प्रकार, असे उशिरा उघड होऊ शकतात. दुसरी एफएमआर-१ या जनुकाची. या जनुकातली ठरावीक अक्षरं ५५ ते २०० वेळा पुन्हा पुन्हा आलेली असतील तर त्याला प्रीम्युटेशन म्हणतात, आणि अशा बायकांपैकी साधारण पाचात एकीला पीओआय होतो. ही तपासणी मुलासाठीही महत्त्वाची. आईकडून पुढे जाताना ही पुनरावृत्ती वाढू शकते आणि मुलाला फ्रॅजाइल एक्स, म्हणजे बौद्धिक वाढ खुंटण्याचा आजार होऊ शकतो. आपोआप दिवस राहण्याची आशा धरून बसण्याआधी हे माहीत हवं. तिसरी तपासणी थायरॉइड आणि ॲड्रिनल ग्रंथींविरुद्धच्या अँटीबॉडींची, कारण शरीर स्वतःच्याच ग्रंथींवर उलटलेलं असू शकतं.

मेधाची गुणसूत्रं ठीक होती, जनुक ठीक होतं, फक्त थायरॉइडच्या अँटीबॉडी वाढलेल्या होत्या. त्यासाठी गोळी सुरू झाली, पण बीजांडकोशाचं कारण त्यातून सिद्ध होत नाही. बहुतेकींच्या फायलीवर शेवटी 'कारण अज्ञात' असंच लिहावं लागतं. सासूबाईंना मी एवढंच सांगितलं की कुठल्याही गोळीनं, उपासानं किंवा रात्री जागून शाळेचे पेपर तपासल्यानं हे होत नाही.

आता मूल. इथे दोन वाक्यं नेहमी ऐकू येतात आणि दोन्ही चुकीची आहेत. एक, 'तुला मूल होणंच शक्य नाही.' दुसरं, 'लगेच आयव्हीएफ करून घेऊ, वेळ घालवू नका.' पहिल्याचं उत्तर वर आलंच. दुसरं जास्त महागात पडतं. आयव्हीएफमध्ये बीजं वाढवण्यासाठी दहा-बारा दिवस जी इंजेक्शनं देतात, त्यांतलं मुख्य औषध एफएसएचच असतं. ज्या बीजांडकोशाच्या कानाशी ५८ च्या आवाजात आधीच ओरडणं चालू आहे, त्याच्याशी बाहेरून आणखी ओरडून काय साधणार? दीड-दोन लाख रुपये जातात आणि बहुतेक वेळा एकही बीज हाती लागत नाही. स्वतःच्या बीजाची शक्यता पीओआयमध्ये आहे ती त्या मधूनच पेटणाऱ्या दिव्याच्या भरवशावर. तो कधी पेटेल ते सांगणारी तपासणी नाही आणि मुद्दाम पेटवणारं औषधही नाही.

खात्रीचा म्हणावा असा एकच मार्ग आहे, दुसऱ्या स्त्रीचं बीज. या मार्गाची सुरुवातच पीओआयपासून झाली. ऑस्ट्रेलियात मेलबर्नच्या मोनॅश विद्यापीठातल्या डॉक्टरांनी १९८४ मध्ये 'नेचर' या नियतकालिकात एका पंचवीस वर्षांच्या बाईची हकिकत छापली. तिचे बीजांडकोश निकामी होते. तिला इस्ट्रोजेनच्या गोळ्या आणि प्रोजेस्टेरॉन देऊन गर्भाशय तयार केलं, दुसऱ्या स्त्रीच्या बीजापासून बनलेला गर्भ आत ठेवला आणि तिनं मूल जन्माला घातलं. बीजांडकोश थकला तरी पिशवी थकलेली नसते, हे त्यातून दिसलं. आजची पद्धत मुळात तीच आहे. साधारण दोन आठवडे इस्ट्रोजेन, मग सोनोग्राफीत अस्तर सात-आठ मिलिमीटर झालं का ते बघायचं, मग पाच दिवस प्रोजेस्टेरॉन, मग पाच दिवसांचा गर्भ आत सोडायचा. दिवस राहिले तरी दोन्ही औषधं दहा-बारा आठवडे चालू ठेवायची, कारण एरवी हे काम करणारा बीजांडकोश इथे नाही. त्यानंतर वार ते काम स्वतःकडे घेते. अशा गरोदरपणात रक्तदाब वाढण्याचा धोका नेहमीपेक्षा जास्त असतो, तेव्हा नावनोंदणी मोठ्या सोयीच्या ठिकाणी करावी. टर्नर असेल तर आधी हृदय आणि महारोहिणी तपासल्याशिवाय हा विषयच काढू नये.

मेधानं पहिला प्रश्न केला तो अपेक्षितच होता. "माझ्या बहिणीचं बीज चालेल का?" आपल्याकडे २०२१ च्या एआरटी कायद्यानं बीज नोंदणीकृत बँकेकडूनच येतं. दात्या स्त्रीचं वय २३ ते ३५ च्या दरम्यान हवं, ती आयुष्यात एकदाच बीज देऊ शकते आणि तिच्याकडून सातपेक्षा जास्त बीजं घेता येत नाहीत. दोन्हीकडची ओळख गुप्त ठेवली जाते. त्यामुळे 'आपल्याच घरातलं' बीज हे व्यवहारात जमत नाही. मेधा बराच वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "म्हणजे माझ्यासारखं दिसणार नाही." याला मी काही उत्तर दिलं नाही. तो हिशेब ज्याचा त्यानं करायचा असतो आणि त्याला वेळ लागतो.

वेळ मात्र तिच्याकडे आहे, आणि हे कोणीच तिला सांगत नाही. दात्या स्त्रीच्या बीजानं दिवस राहतील का, हे मुख्यतः त्या स्त्रीच्या वयावर ठरतं. मेधानं हा निर्णय आज घेतला काय किंवा छत्तिसाव्या वर्षी घेतला काय, शक्यतेत फारसा फरक पडत नाही. कायद्याची मर्यादाही तिच्यासाठी पन्नास वर्षांची आहे. निदानाच्या दुसऱ्याच आठवड्यात आगाऊ रक्कम भरायला लावणारं कोणी भेटलं तर घाई कोणाला आहे ते ओळखावं.

घाई होती ती दुसऱ्याच गोष्टीची. मेधाच्या हाडांची घनता तपासली तर मणक्याची तिच्या वयाच्या मानानं बरीच कमी निघाली. तीन वर्षं शरीराला इस्ट्रोजेन पुरेसं मिळालं नव्हतं. हाडं, हृदय, झोप, योनीतला कोरडेपणा (ज्यामुळे संबंध दुखरा होतो आणि आपोआप दिवस राहण्याची उरलीसुरली संधीही जाते) या सगळ्यांचं मूळ तिथे. म्हणून तिला रोज दोन मिलिग्रॅम इस्ट्राडायोल आणि महिन्यातले बारा दिवस रात्री दोनशे मिलिग्रॅम प्रोजेस्टेरॉन सुरू केलं. नैसर्गिक रजोनिवृत्तीच्या वयापर्यंत, म्हणजे साधारण पन्नाशीपर्यंत ते घ्यायचं आहे. मूल हवं असो वा नसो.

"हार्मोन्सनं कॅन्सर होतो ना?" ही भीती मुख्यतः २००२ साली गाजलेल्या एका अमेरिकी अभ्यासातून आली. त्या अभ्यासातल्या बायकांचं सरासरी वय त्रेसष्ट होतं. शरीरानं देणं बंद केलेल्या वयात त्यांना वरून हार्मोन दिलं जात होतं. मेधाला आपण देतो ते तिच्या वयाच्या इतर बायकांच्या शरीरात असतंच, तेवढंच भरून काढतो. या गोळ्या गर्भनिरोधक नाहीत हेही तिला नीट सांगितलं. त्या घेत असताना दिवा पेटला तर दिवस राहू शकतात, म्हणून ठरल्या दिवशी पाळी आली नाही तर आधी गरोदरपणाची तपासणी करायची. गर्भनिरोधक गोळ्या देऊनही हार्मोन भरून काढता येतं, पण मूल हवं असलेल्या बाईला त्या द्यायच्या नाहीत. माझ्याकडे आलेल्या एकीला वर्षभर त्याच दिल्या होत्या. जी काही थोडी संधी होती ती तेवढा काळ आपणच बंद करून ठेवली होती.

तीन आठवड्यांत मेधाची गोधडी पुन्हा अंगावर आली. चौथ्या भेटीला ती आईला घेऊन आली. बोलता बोलता आई म्हणाल्या, "माझी पण अडतिसाव्याला गेली होती. तेव्हा कोण डॉक्टरकडे जातंय? उष्णता म्हणाले सगळे." अडतीस हे वय सहज सांगितलं गेलं, जसं चार वर्षं कोणी विचारलंच नव्हतं म्हणून राहून गेलं होतं. घरात आई किंवा बहिणीला लवकर पाळी गेल्याचा इतिहास काहीजणींत सापडतो. तो विचारला की पुढचा प्रश्न लगेच उभा राहतो. मेधाची धाकटी बहीण, वय २६, पुण्यात नोकरी, लग्न ठरलेलं नाही.

तिची पाळी नियमित होती. एफएसएच ८, म्हणजे पीओआय नाही. एएमएच ०.९, तिच्या वयाला बराच कमी. पुढे काय होईल हे कुठलीही तपासणी खात्रीनं सांगत नाही, हे दोघी बहिणींना बसवून सांगितलं. पण घरचा इतिहास आणि हा आकडा एकत्र ठेवला तर घाई करण्यासारखं कोणी असेल तर ती ही. एफएसएचच्या इंजेक्शनांना तिचा बीजांडकोश अजून साद देतो. पाळी चालू आहे तोवरच बीजं काढून गोठवता येतात आणि त्यासाठी लग्नाची अट नाही. अकरा दिवस इंजेक्शनं, मग थोड्या वेळाची भूल देऊन सुईनं बीजं काढणं. पहिल्या खेपेला सात बीजं मिळाली. दोन महिन्यांनी पुन्हा केलं, तेव्हा पाच.

दोन्ही वेळा सोबतीला मेधा होती. स्वतःबद्दल तिनं अजून काही ठरवलेलं नाही. दर महिन्याला गोळ्यांची पट्टी संपत आली की फोटो काढून पाठवते, आणि पाळी एक दिवस जरी लांबली तरी तपासणीची पट्टी स्वतःच आणून बघते.